ताटामागे नेमका किती खर्च?

घरगुती कार्य आटोपले, पाहुणे गेले, आवराआवर झाली की कोणीतरी हमखास विचारतो, "मग, ताटामागे कितीला पडले?" उत्तरही तत्काळ मिळते. वाण्याच्या बिलाची बेरीज आमंत्रितांच्या संख्येने भागली की झाले. व्यवहारात हे उत्तर बहुधा चुकीचे असते, आणि गंमत अशी की ते दोन्ही बाजूंनी चुकते. भाज्य फुगलेले असते, भाजक भलताच असतो आणि काही खर्च हिशोबात आलेलेच नसतात. एरवी ही चूक निरुपद्रवी आहे. पण खर्च दोन घरांनी वाटून घ्यायचा असेल तर तीच मनात किल्मिष निर्माण करते.

गेल्या फाल्गुनात आमच्या नात्यातील एका कुटुंबात बारसे झाले. दोघे भाऊ, घरे शेजारी-शेजारी, कार्य एकत्र. स्वयंपाक घरीच करावयाचा आणि खर्च निम्मा-निम्मा, असे ठरले. धाकट्याने सगळे वाणसामान, दूध व भाजी आणली. थोरल्याने मदतनीस बायका, भाड्याची भांडी, गॅस व पिण्याचे पाणी यांचे पाहिले. कार्यानंतर धाकट्याने ६,७४७ रुपयांची बिले पुढे ठेवली आणि ताटामागे नुसते सामानच १३५ रुपयांना पडल्याचे सांगितले. थोरल्या सूनबाई मला एवढेच म्हणाल्या, "काका, उरलेलं सामान कुणाच्या घरी आहे, तेही एकदा बघा ना." हिशोबाची खरी मेख त्या एका वाक्यात होती. दोघांच्या संमतीने तो हिशोब येथे मांडतो. भाव त्या वेळच्या बिलांतले आहेत. आपल्या गावचे भाव निराळे असतील, तेव्हा वाचकांनी लक्ष द्यावे ते मापांकडे.

प्रथम भाजक, म्हणजे ताटांची संख्या. आमंत्रित ४६ होते. त्यांत दहा वर्षांखालील मुले १०. लहान मुलाचे अर्धे ताट धरण्याची रीत योग्य आहे, म्हणून ही ४१ ताटे. त्यात घरची ९ माणसे आणि ३ मदतनीस बायका मिळवावयाच्या. हे शेवटचे दोन आकडे बहुतेक यादीतून सुटतात आणि मग ऐनवेळी घरच्यांच्या वाट्याला नुसता वरण-भात येतो. बेरीज ५३. एका घराने येणे जमणार नसल्याचे आधीच कळविले होते, त्यांची ३ वजा करून ५० ताटांचा स्वयंपाक ठरला.

बेत ठरविताना श्रीखंडाचा आग्रह झाला होता. परंतु ताटात तुरीचे वरण आणि भाजीला डाळीचे पीठ असल्याने द्विदलाचा प्रश्न आला आणि बासुंदी ठरली. सोबत पुरी, कच्ची केळी व मटार यांचा टोमॅटोतला रस्सा, पीठ पेरून ढोबळी मिरची, वरण-भात-तूप, काकडीची कोशिंबीर, ओल्या नारळाची चटणी, लोणचे, पापड. कांदा, लसूण, बटाटा, आले अर्थातच नाही.

आता मापे. पुरी जेवणारा माणूस सरासरी सहा पुऱ्या खातो आणि एका मध्यम पुरीला पंधरा-सोळा ग्रॅम पीठ लागते. म्हणजे माणशी साधारण १०० ग्रॅम आणि ५० ताटांना ५ किलो कणीक. ताटात पुरी असताना भात कमी जातो, म्हणून तांदूळ माणशी ६० ग्रॅम पुरतो. नुसत्या वरण-भाताच्या जेवणाला हेच माप ९० ते १०० ग्रॅम धरावे लागेल. तूरडाळ माणशी ३० ग्रॅम, म्हणजे दीड किलो. तूप वाढायचे असेल तर माणशी ८ ग्रॅम, म्हणजे ४०० ग्रॅम. भाजीचे माप मात्र बाजारातून आणलेल्या वजनावर न धरता निवडून, चिरून उरलेल्या वजनावर धरले पाहिजे. येथेच पुष्कळांची फसगत होते.

४ किलो कच्ची केळी सोलल्यावर अडीच किलो उरली. म्हणजे ४० रुपये किलोचे केळे प्रत्यक्षात ६४ रुपये किलोने पातेल्यात पडले. मटाराच्या ४ किलो शेंगांतून १ किलो ९०० ग्रॅम दाणे निघाले; हंगाम सरत आल्याने शेंगा ८० रुपये किलो होत्या, तेव्हा दाणे १६८ रुपये किलोने पडले. टोमॅटोत घट जवळजवळ नाही. ते २ किलो. एकूण ६ किलो ४०० ग्रॅम, म्हणजे माणशी सव्वाशे ग्रॅमच्या थोडी वर भाजी झाली. रश्श्याला ते माप रास्त आहे. जैन ताटासाठी आचारी जादा दर सांगतात आणि कारण म्हणून बटाट्याऐवजी केळे घालावे लागते असे सांगतात. सालीची घट धरून बटाटा त्या वेळी ३४ रुपये किलोने पडला असता. म्हणजे अडीच किलोमागे ७५ रुपयांचा फरक. तो ५० ताटांत वाटला की ताटामागे दीड रुपया होतो. जादा दर मागण्याला वेगळी भांडी वगैरे अन्य कारणे असतील, त्याविषयी माझे काही म्हणणे नाही. पण केळ्याचे कारण दीड रुपयापलीकडे जात नाही.

तेलाचा हिशोब थोडा नाजूक आहे, कारण कढईत ओतलेले सगळे तेल खर्च होत नाही. ५ लिटर तेल आणले होते. फोडण्यांना ८०० मिलिलिटर गेले. तळणाच्या कढईत मधल्या भरीसह अडीच लिटर ओतले आणि शेवटी गाळून मोजले तेव्हा १ लिटर ३०० मिलिलिटर शिल्लक होते. म्हणजे ५ किलो पिठाच्या पुऱ्यांनी सव्वा लिटरला थोडे कमी तेल प्यायले. किलोला पाव लिटरच्या आत असे हे प्रमाण समाधानकारक आहे. कणीक सैल भिजवली किंवा तेल पुरेसे तापलेले नसताना पुऱ्या सोडल्या तर ते सहज दीडपट होते. याची खूण म्हणजे पुरी फुगून वर यायला वेळ लागतो आणि परातीत काढून ठेवलेल्या पुऱ्यांखाली तेलाचे तळे साचते. उरलेल्या तेलापैकी १ लिटर ७०० मिलिलिटर अस्पर्शित होते, त्याची पूर्ण किंमत धरावी. तळणीचे तेल मात्र निम्म्या किमतीला धरले, कारण ते पुन्हा तळणाला वापरू नये. दोन-चार दिवसांत फोडणीला संपवावे. काही जण त्याची किंमत शून्य धरतील. त्यालाही माझी हरकत नाही. फरक ताटामागे दोन रुपयांचा पडेल.

बासुंदीला १६ लिटर म्हशीचे दूध आटविले. जेवणाऱ्याच्या पोटात सरासरी दीड वाटी बासुंदी जाते. १०० मिलिलिटरची वाटी धरली तर ५० ताटांना साडेसात लिटर हवी. म्हशीचे दूध निम्म्याच्या किंचित खाली आटले की घट्टपणा येतो, म्हणून १६ लिटर. स्वस्त म्हणून पातळ दूध घेण्यात लाभ नाही, कारण ते तिसऱ्या हिश्श्यापर्यंत आटवावे लागते. तेवढ्याच बासुंदीसाठी सुमारे २२ लिटर लागेल, ५८ रुपयांच्या भावाने त्याचे १,२७६ रुपये होतील, आणि ७२ रुपयांचे १६ लिटर दूध तर १,१५२ रुपयांतच आले. शिवाय जास्तीचे पाणी उडविण्याचा गॅस वेगळा. दूध किती आटले याचा अंदाज नजरेने घेऊ नये. आरंभीच लाकडी उलथने पातेल्यात उभे धरून दुधाच्या पातळीची खूण करावी. सरळ कडांच्या पातेल्यात त्या खुणेच्या अर्ध्यावर दूध आले की झाले.

आता प्रत्यक्ष वापरलेल्या मालाची किंमत पाहू. बासुंदीला दूध, दीड किलो साखर, २०० ग्रॅम बदाम व वेलची मिळून १,४६० रुपये. कणीक २१० आणि सर्व पदार्थांचे मिळून तेल ३९८. रश्श्याची भाजी नारळासह ५९५. ढोबळी मिरची व पाऊण किलो डाळीचे पीठ ३१५. वरण-भात-तूप ६६२, त्यांपैकी २७२ रुपये एकट्या तुपाचे. काकडी, दाण्याचे कूट, लिंबे, मिरची व कोथिंबीर २५५. पापड, लोणचे व चटणी ४१०. मीठ, गूळ, हळद, तिखट, हिंग, जिरे-मोहरी, गोडा मसाला यांचे २००. हा आकडा अंदाजाचा आहे, कारण चिमूट-चिमूट मोजण्यात अर्थ नाही. एकूण ४,५०५ रुपये. ५० ने भागता ताटामागे ९० रुपये.

मग १३५ रुपये कोठून आले? बिलाची रक्कम खोटी नव्हती. पण खरेदी म्हणजे खप नव्हे. कणीक १० किलोची पिशवी आली होती, लागली ५ किलो. साखर ५ किलो आली, लागली दीड. तूप किलोभर आले, लागले ४०० ग्रॅम. बदाम अर्धा किलो आले, लागले २०० ग्रॅम. तीच गोष्ट तांदूळ, डाळ, लोणचे, मसाले व तेल यांची. कार्याच्या धांदलीत कमी पडू नये म्हणून माणूस पुढची माप घेतो, त्यात वावगे काही नाही. मात्र उरलेल्या वस्तू मोजून त्यांची किंमत लिहिली तेव्हा ती २,२४२ रुपये भरली, आणि तो सगळा शिलकी माल धाकट्याच्या कोठीघरात होता. त्याने तो लपविला होता असे मुळीच नाही. त्याची किंमत खर्चातून वजा करावयाची असते हेच ध्यानात आले नव्हते. दुकानाच्या हिशोबात अखेरचा साठा वजा केल्याशिवाय कोणी नफा काढीत नाही. घरच्या पंगतीला तोच नियम लागू आहे, फक्त साठा मोजण्याचे काम कार्याच्या दुसऱ्याच दिवशी करावे. आठवड्याने केले तर मधला घरखर्च त्यात मिसळतो.

९० रुपये हा मालाचा खर्च झाला, ताटाचा नव्हे. थोरल्याने केलेला खर्च असा : पुऱ्या लाटायला दोन बायका व भांडी घासायला एक, प्रत्येकी ६०० प्रमाणे १,८००, मोठी कढई, पातेली, पराती यांचे भाडे ३५०, पाण्याचे तीन जार १२०, आणि गॅस २४०. गॅसचा आकडा कसा काढला, असे मला विचारण्यात आले. सिलिंडर कार्याआधी व नंतर वजनकाट्यावर ठेवला, फरक ४ किलो आला, १४.२ किलोचा सिलिंडर ८५५ रुपयांना, म्हणजे किलोला ६० रुपये. त्यातला मोठा भाग दूध आटविण्यात गेला. ही बेरीज २,५१० रुपये. माल धरून ७,०१५, म्हणजे शिजविलेल्या ताटामागे १४० रुपये.

प्रत्यक्षात ४७ ताटे झाली, कारण आणखी एक घर आले नाही. त्या हिशोबाने ताट १४९ रुपयांना पडते. दोन्ही आकडे खरे आहेत, कामे निराळी आहेत. पुढच्या कार्याचा अंदाज करताना १४० वापरावा. झालेल्या कार्याचा खर्च सांगताना १४९.

या नऊ रुपयांच्या फरकाविषयी आपल्या घरांच्या दृष्टीने एक गोष्ट महत्त्वाची वाटते. आपल्याकडे शिजविलेले अन्न दुसऱ्या दिवशी ठेवीत नाहीत आणि सूर्यास्तापूर्वी पंगती उरकतात; त्यामुळे उशिरा येणाऱ्यांच्या पोटी उरलेले जाईल ही आशाही नसते. कच्चा माल उरला तर त्याची पूर्ण किंमत शाबूत राहते, शिजलेले उरले तर दुसऱ्या दिवशी ती शून्य होते. म्हणून राखीव माप शक्यतो कच्च्या स्वरूपात ठेवावे. पुऱ्या पंगतीगणिक तळाव्यात आणि शेवटची एक किलो कणीक पाने मोजल्यावरच भिजवावी. भाताचा दुसरा घाणा अर्ध्या तासात होतो. आगाऊ पूर्ण करावे लागतात ते पदार्थ दोनच, बासुंदी आणि रस्सा, आणि त्यांच्यातच आकड्याची चूक महाग पडते. या घरी पाने मोजण्याआधीच सगळी कणीक भिजली होती. उरलेली बासुंदी व पुऱ्या मदतनीस बायकांच्या घरी त्याच दुपारी गेल्या, ही चांगली गोष्ट झाली.

खर्च कमी करावयाचा तर हात कोठे घालावा, हेही याच आकड्यांतून दिसते. डाळ महागली की घरोघरी चर्चा होते. पण तूरडाळ १३० ची १५६ रुपये झाली, म्हणजे तब्बल वीस टक्क्यांनी चढली, तरी या ताटाचा खर्च ७८ पैशांनीच वाढतो. उलट बासुंदीची एक वाटी साडेएकोणीस रुपयांची आहे; वाढणाऱ्याने प्रत्येकाला अर्धी वाटी अधिक आग्रह केला की ताट दहा रुपयांनी चढते. ९० पैकी २९ रुपये एका बासुंदीचे आहेत. माझ्या मते आग्रह जरूर करावा, परंतु वाटी लहान ठेवून दोनदा वाढावी. पानात टाकलेली बासुंदी आणि त्यात बुडालेली पुरी पाहून पुष्कळ यजमानांचा जीव तुटतो, आणि तो रास्तच तुटतो.

अशाच बेताला एका आचाऱ्याने ताटामागे २६० रुपये सांगितले होते, किमान ५० ताटांचे बंधन घालून; म्हणजे १३,०००. घरी लागले ७,०१५. वाचलेले ५,९८५ रुपये पाहून थोरले बंधू प्रसन्न झाले. मी त्यांना विचारले की घरातल्या चौघीजणी किती वेळ उभ्या होत्या? पहाटे सहापासून दुपारी एकपर्यंत, प्रत्येकी सात तास, म्हणजे २८. आदल्या दिवशीचे भाजी निवडणे, मटार सोलणे यांचे आणखी चार. ३२ तासांनी ती बचत भागली तर तासाला १८७ रुपये होतात. त्या चौघींनी कामाची किंमत मागितलेली नाही आणि हौसेने केलेल्या कामाला दर लावावा असे मी सुचवीत नाही. पण ती बचत आली कोठून, हे हिशोबाच्या कागदावर तासांच्या रूपाने तरी लिहिलेले असावे. थोरल्या सूनबाईंनी तो आकडा स्वतःच्या हाताने लिहिला.

हे माप शंभर पानांच्या पुढे जसेच्या तसे दुप्पट-तिप्पट करू नये. घरची शेगडी आणि घरची कढई एका वेळी किती काम करणार याला मर्यादा आहे. दुसरी भट्टी, मोठे पातेले आणि अनुभवी आचारी लागला की इतर खर्चाची पायरी एकदम वर जाते, मालाचे ९० रुपये मात्र जवळपास तेवढेच राहतात. पंचवीस पानांच्या खाली उलटे होते. भांड्यांचे भाडे लागत नाही आणि मदतीला एक बाई पुरते.

भावांचा हिशोब मग असा मिटला. एकूण खप ७,०१५. प्रत्येकाचा वाटा ३,५०७ रुपये ५० पैसे. धाकट्याचे ६,७४७ गेले, त्यांतून त्याच्याकडच्या शिलकी मालाचे २,२४२ वजा जाता ४,५०५. थोरल्याचे २,५१०. तेव्हा थोरल्याने धाकट्याला ९९७ रुपये ५० पैसे द्यावयाचे. साठा न मोजता बिलेच निम्मी केली असती तर हाच आकडा २,११८ रुपये ५० पैसे झाला असता. थोरल्याने हजाराची रक्कम दिली. मापांचा कागद आता थोरल्या सूनबाईंच्या कपाटात आहे. पदार्थ, माणशी माप आणि निवडल्यावरची घट हे रकाने शाईने लिहिले आहेत, भावाचा रकाना पेन्सिलीने. वैशाखात धाकट्याकडे ६० पानांचे कार्य आहे, आणि मटाराच्या जागी तोंडली घ्यावी की काय, यावर दोघी जावांचे एकमत व्हायचे आहे.